हिरवं कार्ड नाही, तर चढायचं नाही

प्रश्न: मी एका निवासी प्रकल्पावर सेफ्टी ऑफिसर आहे. कंपनीचं मॅन्युअल इंग्रजीत होतं, त्याचं मी मराठी-हिंदीत भाषांतर केलं, चित्रांचे बोर्डही लावले. तरी सुपरवायझर एक सांगतो आणि कामगार दुसरंच करतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वेगळी सोपी आवृत्ती काढावी का?

नाही, वेगळी आवृत्ती काढू नका. माझ्या अनुभवात बिघाड तिथूनच सुरू होतो. सुपरवायझरच्या हातात शब्दांचा कागद असतो आणि कामगारासमोर चित्राचा बोर्ड. दोघांनाही वाटतं की आपण एकच नियम पाळतोय. प्रत्यक्षात कागदावर 'योग्य' आणि 'पुरेसा' असे शब्द असतात, बोर्डावर बेल्ट घातलेला माणूस असतो, आणि या दोहोंमध्ये जे ठरवायचं राहून गेलं ते सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये मुकादम आपल्या मनाने भरतो. त्यामुळे साइटवर एकाच विषयाचे तीन नियम चालू असतात. वाचता न येणं हे त्यातलं एकच कारण आहे, आणि सर्वांत मोठं कारण ते नाही.

मी बांधकाम साइटवर सुरक्षेचं काम बावीस वर्षं करतोय. सगळ्या मॅन्युअलबद्दल बोललो तर उत्तर पसरट होईल, म्हणून परांचीचा, म्हणजे साइटवरच्या भाषेत पाडाचा, एकच नियम घेतो आणि आम्ही तो कसा बदलत नेला ते सांगतो.

आमच्याकडे मूळ वाक्य असं होतं: 'उंचीवर काम करताना योग्य वैयक्तिक संरक्षक साधनांचा वापर करण्यात यावा व सक्षम व्यक्तीने तपासलेल्या परांचीवरच काम करण्यात यावे.' बोर्डावर बेल्टचं चित्र होतं. सुपरवायझरच्या चेकलिस्टमध्ये रकाना होता: बेल्ट घातला आहे, हो किंवा नाही. एका दुपारी बाहेरच्या बाजूचं प्लास्टर चालू होतं. गवंडी जमिनीपासून साधारण चार मीटरवर उभा होता. बेल्ट घातलेला, हूकही लावलेला, पण हूक होता त्याच्या पायाजवळच्या आडव्या पाइपला. फळीचं टोक बांधलेलं नव्हतं. ती उलटली आणि तो खाली पडला. दोरी ताणली, पण ती त्याला थांबवायच्या आधीच त्याचे पाय जमिनीला लागले. टाच आणि गुडघा मोडला. त्या दिवसाची चेकलिस्ट मी नंतर काढून पाहिली, सगळीकडे 'हो' होतं. सुपरवायझर खोटं बोलला नव्हता आणि गवंड्याने काही मोडलं नव्हतं. बोर्डावर जे होतं ते त्याने केलं होतं.

तो बेल्ट का उपयोगी पडला नाही, याचा हिशेब एकदा नीट पाहा, कारण पुढचा नियम त्यातूनच आला. बेल्टची दोरी साधारण १.८ मीटर. शॉक अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण उघडला तर आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबी वाढते. पाठीवरच्या कडीपासून माणसाच्या पायापर्यंत दीड मीटर धरा. खाली एक मीटर मोकळं हवं. बेरीज सहा मीटर. म्हणजे हूक जिथे लावलाय त्याच्या खाली जवळजवळ दोन मजले मोकळी जागा असेल, तरच पायाजवळ लावलेला बेल्ट माणसाला जमिनीच्या वर थांबवतो. आमच्या गवंड्याकडे चार मीटर होते. हूक डोक्याच्या वर असता, तर दोरी ताणेपर्यंत तो थोडाच खाली गेला असता, अ‍ॅब्सॉर्बरही कमी उघडला असता. मुळात फळी बांधलेली आणि कठडा जागेवर असता, तर बेल्टपर्यंत वेळच आली नसती.

आता मूळ वाक्याकडे परत या. त्यात 'कोणी' हा शब्द नाही. 'करण्यात यावा' म्हटलं की करणारा वाक्यातून निघून जातो. त्यात डोळ्याला दिसेल असं काही नाही. 'सक्षम व्यक्तीने तपासलेली' परांची आणि न तपासलेली परांची लांबून सारखीच दिसते. आणि सर्वांत महत्त्वाचं, नाही म्हणायची वेळ कोणती हे त्यात नाही. असं वाक्य कितीही सोप्या मराठीत आणलं तरी त्याची पोकळी भरत नाही. तुम्ही भाषांतर केलंत, पण मूळ वाक्याने काही ठरवलेलंच नसेल, तर भाषांतर काय ठरवणार?

म्हणून पहिलं काम शब्द सोपे करण्याचं नव्हे. नियम कागदावरून उचलून वस्तूवर ठेवायचा. सुपरवायझर आणि बिगारी, दोघेही एकाच ठिकाणी पाहून एकच निर्णय घेतील अशी खूण शोधायची.

त्याआधी साइटवर कोणाला काय वाचता येतं ते पाहा. साक्षर-निरक्षर असे दोन गट करू नका. आमच्याकडे एकाच टॉवरवर मराठवाड्यातले बिगारी, बिहार-झारखंडचे शटरिंगवाले, बंगालमधल्या मालद्याचे गवंडी आणि ओडिशाचे फिटर होते. एखाद्याला बांगला उत्तम वाचता येतं आणि देवनागरी अजिबात नाही. एखाद्याला अक्षरं येत नाहीत, पण टेपवरचे सेंटिमीटर तो माझ्यापेक्षा लवकर वाचतो. मोबाइलमधले व्हॉइस मेसेज सगळेच ऐकतात. आकडा ही साइटवरची सर्वांत जास्त वाचली जाणारी लिपी आहे, पण त्यातही खाच आहे. मराठीत पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा. बांगलात तळमजल्यालाच 'एकतला' म्हणतात, म्हणजे 'तिनतला' हा आपला दुसरा मजला. 'तीन नंबरच्या मजल्यावरचा पाड बंद आहे' असं सांगितलं आणि मालद्याची माणसं आपल्या तिसऱ्यावर, बंद पाडावर, गेली असं आमच्याकडे घडलं. सुदैवाने फळ्या काढायला अजून सुरुवात झाली नव्हती. तेव्हापासून आम्ही प्रत्येक स्लॅबवर जिन्याच्या भिंतीला हातभर उंचीचा आकडा रंगवतो आणि सूचना देताना 'भिंतीवर ३ लिहिलंय तिथे' असंच म्हणतो.

शब्दांचंही तसंच. 'परांची' हा शब्द छापील मराठीत ठीक आहे, पण हिंदी भाषकाला तो कळत नाही आणि आपल्या मराठी बिगाऱ्याच्याही तोंडात नसतो. पाड, पटरा, रेलिंग, टाई, हूक, बेल्ट हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत. तेच मॅन्युअलमध्ये घाला आणि इंजिनीअरच्या कागदावरही तेच ठेवा. इंजिनीअरने 'वर्किंग प्लॅटफॉर्म' लिहायचं आणि गवंड्याने 'पटरा' म्हणायचं, हे चाललं की नियम पुन्हा दोन होतात.

आता खूण. आम्हीही आधी सगळे करतात तेच केलं: तपासलेल्या पाडाला हिरवं कार्ड, न तपासलेल्याला लाल. महिन्याभरात त्याची तीन छिद्रं दिसली. वाऱ्या-पावसात किंवा प्लास्टर उडून लाल कार्ड पडलं की पाड 'रिकामा' दिसतो, आणि रिकामा म्हणजे चालू असंच माणूस धरतो. दुसरं, लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष साइटवर असतात आणि ते कधी बोलून दाखवत नाहीत. तिसरं छिद्र मला चाचणी घेतल्यावर कळलं.

चाचणी अशी होती. कामाला नसलेल्या तीन पाडांपाशी मी आठ जणांना एकेक करून नेलं, त्यात दोन सुपरवायझर होते. प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारल्या: चढशील का, आणि कशावरून? 'समजलं का?' हा प्रश्न मी कधीच विचारत नाही, त्याला सगळे हो म्हणतात. एका पाडावर त्या दिवसाचं हिरवं कार्ड होतं, एकावर काहीच नव्हतं, एकावर दहा दिवसांपूर्वीच्या तारखेचं हिरवं कार्ड होतं. कार्ड नसलेल्या पाडावर पाच जण चढायला तयार झाले. जुन्या तारखेच्या पाडावर आठपैकी सात, दोन्ही सुपरवायझर धरून. तारीख त्यांना वाचता येत होती. पण हिरवं दिसल्यावर तारीख कोण वाचतं? म्हणजे आमचा दोष निरक्षरतेचा नव्हताच, खुणेचा होता.

मग आम्ही लाल कार्ड काढूनच टाकलं. एकच कार्ड ठेवलं, हिरवं, त्यावर मोठा पांढरा हात, म्हणजे रंग कळला नाही तरी आकार कळेल. ते शिडीच्या तोंडाशी, डोळ्यांच्या उंचीवर लटकतं. तारीख पुढच्या बाजूवरून काढली. त्याऐवजी सुपरवायझर रोज सकाळी पाड पाहून कार्ड लावतो आणि संध्याकाळी काढून स्टोअरमध्ये जमा करतो. कार्ड दिसतंय म्हणजे ते आजचंच. कार्ड नसेल तेव्हा शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर फळी बांधलेली असते, म्हणजे कार्डाकडे लक्ष गेलं नाही तरी पाय अडतो. पंधरा दिवसांनी तीच चाचणी नव्या आठ जणांवर घेतली. कार्ड नसलेल्या पाडाला सगळ्यांनी नाही म्हटलं. एकाने तर फळी दाखवून विचारलं, 'चढू कसा?'

कार्ड कोण लावतो आणि कोण काढतो, यावर आम्ही बराच वाद घातला. शेवटी ठरलं ते असं: लावणारा एकच, त्या टॉवरचा सुपरवायझर. काढू मात्र कोणीही शकतो, अगदी पहिल्या दिवसाचा बिगारीसुद्धा. प्लास्टर करताना भिंतीला बांधलेली टाई आड येते आणि गवंडी ती सोडतात, हे प्रत्येक साइटवर होतं. 'टाई काढू नये' असा नियम लिहिला की ती गुपचूप निघते. म्हणून आम्ही लिहिलं की काही सोडायचं असेल तर आधी सगळे खाली, मग कार्ड काढून सुपरवायझरच्या हातात. मग तो दुसऱ्या जागी टाई मारून घेतो आणि कार्ड परत लावतो. ते काम नियमाने करता येतं म्हटल्यावर लपवण्याची गरज उरली नाही.

बोर्डावर आता एवढंच आहे, साइटची भाषा हिंदी म्हणून हिंदीत:

हरा कार्ड है, तो चढ़ो।
हरा कार्ड नहीं, तो मत चढ़ो।
हुक पीले पर, सिर के ऊपर।
पटरा, रेलिंग, टाई खोलना है, तो पहले सब नीचे, फिर कार्ड उतारो।

तिसऱ्या ओळीतला 'पीला' म्हणजे पिवळा रंग मारलेली जागा. हूक कुठे लावायचा हे गवंड्याने ठरवायचं नसतं. कोणत्या पाइपला किंवा इमारतीच्या कोणत्या भागाला पडणाऱ्या माणसाचा झटका पेलेल, हे इंजिनीअर ठरवतो आणि तिथे पिवळा पट्टा मारतो. जिथे डोक्यावर असं ठिकाण मिळत नाही, तिथे बेल्टच्या भरवशावर काम सुरूच होत नाही. कठडा पूर्ण करूनच कार्ड लागतं. सहा मीटरचा हिशेब बोर्डावर नाही, तो इंजिनीअरच्या डोक्यात आणि पिवळ्या पट्ट्याच्या जागेत आहे. नियम लिहिताना ही वाटणी फार उपयोगी पडते: ज्याला गणित करायचं आहे त्याने आधी करून ठेवावं आणि त्याचं उत्तर रंगात दाखवावं.

सुपरवायझरने सकाळी काय पाहायचं, तेही आम्ही पाच बोटांवर आणलं, खालून वर चढत जाण्याच्या क्रमाने. अंगठा म्हणजे पाय: खांबांखाली बेस प्लेट आणि लाकडी फळी, माती खचलेली नाही. पुढचं बोट टाई: इमारतीला घट्ट बांधलेली. मग शिडी: वरून बांधलेली आणि पटऱ्याच्या वर एक मीटर निघालेली. मग पटरा: फट नाही, दोन्ही टोकं बांधलेली. करंगळी रेलिंग: कमरेला एक, गुडघ्याला एक, आणि पायाशी टो-बोर्ड. त्याच्या रजिस्टरमध्ये याच पाच ओळी, याच क्रमाने, याच शब्दांत आहेत. गवंड्यालाही हीच पाच बोटं शिकवली आहेत. म्हणून 'साहेब, करंगळी नाही' असं तो खालून ओरडतो आणि सुपरवायझरला लगेच कळतं काय राहिलंय. एकाच नियमाच्या दोन आवृत्त्या नकोत म्हणतो ते याच अर्थाने. खोली वेगळी असू शकते, पण शब्द आणि क्रम वेगळे नकोत. कायद्याला लागणारी तपासणी आणि आठवड्याची सविस्तर नोंद मात्र तशीच चालू ठेवा. पाच बोटं हे तिच्या जागी नाहीत.

चित्रांबद्दल एक सांगतो, कारण तुम्ही बोर्ड लावले आहेत. शेजारी शेजारी दोन चित्रं, एक बरोबर आणि एक फुलीचं, हा प्रकार न वाचणाऱ्या माणसाला बरेचदा गोंधळात टाकतो. लांबून फुली दिसत नाही, माणूस दिसतो. आणि डावीकडून उजवीकडे पाहण्याची सवय वाचनातून येते, ती नसेल तर तीन चित्रांची गोष्ट कुठूनही सुरू होते. एका बोर्डावर एकच चित्र, करायच्या कृतीचं, आणि ते त्याच जागी. आम्ही आमच्याच पाडाचा, आमच्याच माणसाचा, त्याला विचारून काढलेला फोटो वापरतो.

टूलबॉक्स टॉकमध्ये मुकादम नियम बदलतो, त्याचा इलाज त्याला गप्प करण्यात नाही. बोर्डावरची चार वाक्यं त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या, बांगला आणि ओडियासाठी त्या त्या टोळीतल्या जाणत्या गवंड्याच्या आवाजात. ती टोळीच्या ग्रुपवर टाका. रेकॉर्डिंग दुसऱ्या माणसाकडून हिंदीत उलटं सांगून घ्या, म्हणजे अर्थ घसरला असेल तर सापडेल. आमच्या पहिल्या बांगला रेकॉर्डिंगमध्ये 'कार्ड नसेल तर विचारून चढा' असं आलं होतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण 'विचारून' या एका शब्दाने सगळा नियम सैल झाला असता.

एक गोष्ट लिहिण्याने सुटत नाही. प्लास्टरवाला चौरस फुटावर काम करतो. कार्ड नाही म्हणून तो दोन तास खाली बसला तर पैसे त्याचे जातात. अशा वेळी तो नियम समजूनही चढेल आणि सुपरवायझर पाहून न पाहिल्यासारखं करेल. आम्ही ठेकेदाराशी ठरवून घेतलं की कार्डासाठी गेलेला वेळ हजेरीत धरायचा. तुमच्याकडे हे होणार नसेल, तर निदान पाडवाल्यांची टोळी गवंड्यांच्या एक तास आधी कामावर आणा.

काही गोष्टी तुमच्या साइटवर अवलंबून आहेत. रोज कार्ड लावणं-काढणं एका सुपरवायझरला पंधरा-वीस पाडांपर्यंत जमतं. त्याहून जास्त असतील तर माणसं वाढवा. ते शक्य नसेल, तर दर आठवड्याला वेगळ्या आकाराचं कार्ड वापरा, पण जोराचा पाऊस किंवा वारा झाला की सगळी कार्डं उतरवायचीच. टांगत्या पाळण्याला ही पाच बोटं लागू होत नाहीत, त्याची यादी वेगळी असते. तुमची बहुतेक माणसं मराठी असतील तर बोर्ड मराठीतच ठेवा, आमचं पाहून हिंदी करू नका.

सगळं मॅन्युअल एकदम हाती घेऊ नका. पाडाचा एक नियम घ्या, लिहा, आठ जणांना पाडापाशी उभं करून विचारा, आणि जिथे उत्तर चुकेल तिथे माणूस न बदलता खूण बदला. आम्हाला या एका नियमाला सात आठवडे लागले. पुढे खड्ड्याच्या कडेचा नियम दहा दिवसांत झाला. आणि छठनंतर टोळ्या बदलून येतात, तेव्हा पहिल्या सकाळी नव्या माणसांना बोर्ड वाचून दाखवण्याआधी कार्ड नसलेल्या पाडाजवळ न्या आणि नुसतं विचारा, चढशील का?